सिरीज आरएलसी: फेझर काढल्यावर ११ व्होल्ट कमी का भरतात?

प्रश्न: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलमध्ये ४० ओहमचा रिओस्टॅट, चोक कॉइल आणि कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले. सप्लाय १०० व्होल्ट, ५० हर्ट्झ, करंट १.७५ अँपिअर. रेझिस्टरवर ७०, चोकवर १११, कपॅसिटरवर ५६ व्होल्ट आले. फेझर डायग्राममधून सप्लाय ८९ येतो. रीडिंग चुकलं का? इम्पीडन्स आणि फेज अँगल काय लिहू?

उत्तर:

रीडिंग तीनदा घेतलं असेल आणि तेच येत असेल, तर ते बरोबर आहे. चूक आकृतीत आहे, आणि तीही एकाच रेषेत.

तुम्ही काय केलं असेल याचा अंदाज येतो. सिरीज सर्किटमध्ये करंट सगळीकडे एकच, म्हणून तो आडवा घेतला. रेझिस्टरचे ७० त्याच दिशेने, चोकचे १११ सरळ वर (करंट व्होल्टेजच्या मागे राहतो म्हणून), कपॅसिटरचे ५६ सरळ खाली. उभ्या दिशेत उरले ५५. मग ७० आणि ५५ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ८९. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे हे अगदी शिस्तीत आहे.

पण पुस्तकातला इंडक्टर शुद्ध असतो, लॅबमधला चोक म्हणजे तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. त्या तारेला स्वतःचा रेझिस्टन्स आहे. चोकच्या दोन टोकांना लावलेला मीटर इंडक्टन्स आणि हा आतला रेझिस्टन्स यांचं मिळून व्होल्टेज दाखवतो. दोन्ही वेगळे करून मोजायला आत शिरता येत नाही. म्हणून चोकचा १११ चा फेझर सरळ उभा नसतो, तो करंटकडे थोडा कललेला असतो. किती कललेला, हे काढलं की तुमचे ११ व्होल्ट सापडतात.

त्यासाठी कंपास पुरतो. १ सेंटिमीटर = १० व्होल्ट असं प्रमाण घ्या. O पासून आडवी OA रेषा ७ सेंटिमीटर काढा, हे रेझिस्टरचं व्होल्टेज. चोकची दिशा माहीत नाही, लांबी माहीत आहे. म्हणून A केंद्र धरून ११.१ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस वरच्या बाजूला मारा. चोकच्या फेझरचं टोक या कंसावर कुठेतरी आहे.

आता दुसरी अट हवी. त्या टोकापासून कपॅसिटरचे ५.६ सेंटिमीटर खाली आलो की जो बिंदू मिळेल, तो O पासून बरोबर १० सेंटिमीटरवर असला पाहिजे, कारण तोच सप्लाय. हीच गोष्ट उलटी करा: O च्या सरळ वर ५.६ सेंटिमीटरवर एक बिंदू घ्या आणि तिथून १० सेंटिमीटरचा कंस उजवीकडे मारा. दोन कंस जिथे छेदतात तो P. तिथून सरळ खाली ५.६ आलात की Q, आणि OQ हा सप्लायचा फेझर. ही सरकवलेल्या केंद्राची युक्ती समजायला मला स्वतःला एक अख्खं टर्म लागलं होतं, त्यामुळे पहिल्या वाचनात पटली नाही तर कागदावर काढून बघा.

तुमच्या आकड्यांनी P हा O पासून आडवा ८.४ आणि उभा ११.० येतो. रेझिस्टरचे ७ सोडले तर चोकने आडव्या दिशेत १.४ सेंटिमीटर, म्हणजे १४ व्होल्ट खाल्ले. १४ भागिले १.७५ म्हणजे चोकचा आतला रेझिस्टन्स ८ ओहम. उभे ११० व्होल्ट हा त्याचा खरा इंडक्टिव्ह भाग. आता ताळा करा: आडवे ८४, उभे ११० वजा ५६ म्हणजे ५४.

V = √(८४² + ५४²) ≈ १००

इम्पीडन्ससाठी आकृतीचीही गरज नाही, मीटरच सांगतात:

Z = V / I = १०० / १.७५ ≈ ५७ ओहम

दुसऱ्या वाटेने तोच आला पाहिजे. एकूण रेझिस्टन्स ४० + ८ = ४८ ओहम. चोकचा रिअॅक्टन्स ११० / १.७५, साधारण ६३. कपॅसिटरचा ५६ / १.७५ = ३२. फरक ३१.

Z = √(४८² + ३१²) ≈ ५७ ओहम
φ = tan⁻¹(५४ / ८४) ≈ ३३°

चोकचा रिअॅक्टन्स मोठा, म्हणून करंट व्होल्टेजच्या ३३ अंश मागे, लॅगिंग. तुमच्या पहिल्या आकृतीतून कोन ३८ अंश आला असता. फक्त ५ अंशांचा फरक वाटतो, पण पॉवर बघा. ४० ओहममध्ये १२२.५ वॅट जातात, आणि चोकमध्ये आणखी २४.५. शुद्ध इंडक्टर पॉवर खात नाही, आणि तुमचा चोक मात्र थोड्या वेळाने हाताला कोमट लागतो, तो याच २४.५ वॅटमुळे. वॅटमीटर लावलात तर तो १४७ च्या आसपास दाखवेल. १०० × १.७५ × cos ३३° चं उत्तरही तेच येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुन्हा गोंधळ होईल. चोक सुटा करून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजलात तर ८ च्या ऐवजी कदाचित ६ किंवा ७ येईल. मल्टिमीटर डीसीवर फक्त तार मोजतो. एसीवर लोखंडी कोअरमध्येही उष्णता तयार होते आणि ती सर्किटला जादा रेझिस्टन्ससारखीच भासते. शिवाय लोखंडी कोअरच्या चोकचा इंडक्टन्स करंटप्रमाणे बदलतो, म्हणून अर्धी रीडिंग १ अँपिअरला आणि अर्धी १.७५ ला घेऊन ती एकाच आकृतीत घालू नका.

३२ ओहम म्हणजे ५० हर्ट्झला साधारण १०० मायक्रोफॅराड. बहुतेक लॅबमध्ये हे मोटरचे ५० मायक्रोफॅराडचे दोन कपॅसिटर पॅरलल जोडून केलेलं असतं. तुमच्याकडेही तसं असेल तर सप्लाय बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून त्यातला एक काढा आणि पुन्हा १०० व्होल्ट द्या. कपॅसिटरचा रिअॅक्टन्स दुप्पट झाला, तर करंट कमी व्हायला हवा असं वाटतं. तो वाढून २ च्या थोडा वर जाईल. कारण ६४ आणि ६३ जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो फक्त ४८ ओहम आणि कोन शून्याजवळ येतो. आकृतीत P पासून खाली येणारी रेषा थेट आडव्या अक्षावर टेकते.

हे करताना रिओस्टॅटचा सरकता हात मात्र कमी करत नेऊ नका. तो शून्यावर गेला तर करंट अडवायला चोकचे ८ ओहमच उरतात. गणिताने १२ अँपिअरहून जास्त करंट आणि कपॅसिटरवर ८०० व्होल्टच्या आसपास येतात. चोकचं लोखंड सॅच्युरेट झाल्यामुळे प्रत्यक्षात आकडा वेगळा येईल, पण मोटर कपॅसिटरवर सहसा ४४० व्होल्ट छापलेलं असतं.