‘गोड हसू’ कुणाच्या वाट्याला?

“माझ्या टीममध्ये 14 जण आहेत, 23 पासून 57 वर्षांपर्यंतचे. वाढदिवसाला ग्रुपवर मी मनापासून लिहितो. मागच्या महिन्यात एका सहकारी मुलीने नुसता अंगठा दिला, आणि नंतर आठवडाभर कामापुरतंच बोलली. माझं काय चुकलं?”

हा प्रश्न घेऊन एक टीमप्रमुख माझ्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, वर्षभराच्या शुभेच्छा कागदावर उतरवून आणा, पण नावं गाळून. पुढच्या भेटीत आम्ही त्या मोठ्याने वाचल्या. बाईसाठीची कुठली आणि पुरुषासाठीची कुठली, हे मला प्रत्येक वेळी ओळखता आलं. पुरुष ‘भरवशाचा गडी’, ‘प्रोजेक्टचा कणा’. बायका ‘गोड हसू’, ‘ऑफिसची रौनक’. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. हेतू वाईट नव्हताच. पण त्या मुलीने मार्चमध्ये क्लायंटचा सगळा डेटा नव्या सिस्टिमवर नेला होता, आणि साहेबांना आठवलं ते तिचं हसू, तेही सगळ्यांसमोर. साहेबांना ‘असं लिहू नका’ कोण सांगणार? तिच्या हातात तेवढा अंगठाच होता.

मग नवा मजकूर लिहायला घेतला. अट एकच: गेल्या वर्षभरात त्या व्यक्तीच्या कामात स्वतः पाहिलेली एक गोष्ट, आणि नाव बदलून पुरुषाचं टाकलं तरी वाक्य विचित्र वाटता कामा नये. तिसऱ्या खेपेला जमलं: “वाढदिवसाच्या शुभेच्छा! डेटा हलवण्याआधी 200 नोंदी हाताने तपासायच्याच, हा हट्ट तू धरलास म्हणून आपण वाचलो. आज वेळेवर घरी जा.” शेवटच्या वाक्यावर मी विचारलं, संध्याकाळी सहाची मीटिंग कुणी ठेवलीय? ते हसले. त्यांनीच.

हा मजकूर तिला आता पाठवायचा नव्हता, तो पुढच्यांसाठी नमुना. तिच्याशी एकट्याने दोन वाक्यं बोला, ग्रुपवर सारवासारव नको, असं सुचवलं. त्यांनी तसं केलं. ती “ठीक आहे सर” म्हणाली आणि कामाचं बोलू लागली. एवढ्यावर सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही.

जाता जाता यादीवर नजर गेली: तिघांचा वाढदिवस 1 जून! आपल्याकडे जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत गुरुजी सर्रास हीच तारीख लावत. म्हणून प्रत्येकाला खासगीत विचारायला सांगितलं: खरा दिवस कोणता, ग्रुपवर चालेल का, केक चालतो का. दोघांना अंड्याशिवाय हवा होता. एकजण धर्मामुळे वाढदिवस पाळत नाही, त्याचं नाव यादीतून काढलं, आणखी काही न विचारता.

57 वर्षांचे सहकारी मात्र म्हणाले, “आई सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. पण साहेब, 1 जूनचा केक बंद करू नका, बाकीच्या दोघांचा हिरमोड होईल.”