एकाच सामन्यातले लेग जोडले की भाव का उतरतो

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. प्रीमियर लीगच्या एका सामन्यात ‘यजमान जिंकणार’ला १.८५ आणि ‘अडीचच्या वर गोल’ला १.७९ भाव आहे. दोन वेगळ्या सामन्यांत हेच भाव जोडले तर ३.३१ मिळतात, पण एकाच सामन्याच्या बेट बिल्डरमध्ये फक्त २.७५ दाखवतात. ही लूट नाही का?

उत्तर: थोडी आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. ३.३१ वरून २.७५ वर येताना जे ५६ पैसे गेले, त्यातले जवळपास ५१ पैसे गणिताने गेले आणि साधारण ५ पैसे कंपनीने जास्तीचे घेतले. कसे ते बघा.

भावांचा गुणाकार करायची मुभा एकाच अटीवर असते: एका लेगचा, म्हणजे जोडलेल्या पैजेतल्या एका भागाचा, निकाल कळल्याने दुसऱ्याच्या शक्यतेत फरक पडता कामा नये. लिव्हरपूलचा सामना आणि न्यूकॅसलचा सामना यांत ही अट जवळजवळ पाळली जाते. एकाच सामन्यात ती मोडते, कारण दोन्ही लेगचा निकाल एकाच स्कोअरवरून लागतो. यजमान जिंकले आणि तरीही एकूण गोल तिनाच्या आत राहिले, असे फक्त दोनच स्कोअर आहेत: १-० आणि २-०. बाकी प्रत्येक विजयात (२-१, ३-०, ३-१ आणि पुढचे सगळे) तुमचा दुसरा लेग आपोआप लागतो. म्हणजे यजमान जिंकतात हे धरले की ‘अडीचच्या वर’ची शक्यता वाढते.

आता आकडे. तुमच्या दोन्ही भावांतून प्रत्येकी सुमारे ५ टक्के मार्जिन, म्हणजे कंपनीचा वाटा, काढले तर विजयाची शक्यता ५१.४ टक्के आणि अडीचच्या वर गोलांची ५३ टक्के येते. यजमानांचे सरासरी १.७ आणि पाहुण्यांचे १.१ गोल धरून, सरासरीवरून प्रत्येक गोलसंख्येची शक्यता सांगणाऱ्या पॉयसाँ वितरणाने स्कोअरचा तक्ता मांडला की नेमके हेच आकडे मिळतात. कंपन्यांचे इंजिनही याच दिशेने चालते: आधी मुख्य बाजारांच्या भावांवरून दोन्ही संघांचे अपेक्षित गोल काढायचे, मग प्रत्येक स्कोअरची शक्यता मांडायची किंवा सामना हजारो वेळा संगणकावर खेळवायचा, आणि शेवटी ज्या निकालांत सगळे लेग एकदम लागतात त्यांचाच वाटा मोजायचा. लेगच्या सुट्या भावांचा गुणाकार या कामात कुठेच येत नाही. (साधा पॉयसाँ कमी गोलांच्या स्कोअरमध्ये थोडा चुकतो. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ मध्ये ०-०, १-०, ०-१ आणि १-१ यांसाठी दुरुस्ती सुचवली. इथे तिच्याशिवाय चालेल.)

त्या तक्त्यात १-० ची शक्यता १०.३ टक्के आणि २-० ची ८.८ टक्के, मिळून १९.१. ती ५१.४ मधून वजा केली की ‘विजय आणि अडीचच्या वर’ची खरी शक्यता ३२.३ टक्के येते. नुसता गुणाकार केला असता तर २७.३ टक्केच आली असती. म्हणून मार्जिन न लावलेला खरा भाव ३.६७ नसून ३.१० आहे. कंपनीने तुम्हाला ३.३१ दिले असते, तर प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी १०७ पौंड परत गेले असते. अशी पैज लोक दिवसभर लावत बसले असते. ब्रिटनमधले बुकमेकर अशा परस्परसंबंधित पैजा साध्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे लेगचे भाव नुसते गुणणाऱ्या पैजेत, जोडूच देत नाहीत, ते याचसाठी.

हिशोब पुरा करू. वेगळ्या सामन्यांच्या जोडीत दोन्ही लेगचे मार्जिन मिळून कंपनीकडे सुमारे ९.७ टक्के राहतात. तेवढेच मार्जिन ३.१० वर लावले तर भाव २.८० होतो. तुम्हाला २.७५ मिळतोय, म्हणजे मार्जिन ११ टक्क्यांच्या आसपास. जास्तीचे आहे ते एवढेच.

हाच संबंध उलटही फिरतो, आणि लोक हे विसरतात. ‘विजय आणि अडीचच्या खाली’ ही जोडी मार्जिन न लावता गुणाकाराने ४.१४ ची दिसते, पण तिची शक्यता १९.१ टक्केच असल्याने खरा भाव ५.२३ आहे. इथे बेट बिल्डरने गुणाकारापेक्षा जास्त भाव दाखवला तर ते औदार्य नव्हे. गुणाकाराएवढाच दाखवला, तर मात्र ती खरीच लूट आहे.

लेग वाढले की फरक झपाट्याने रुंदावतो. यजमानांचा स्ट्रायकर पूर्ण सामना खेळणार आणि संघाच्या ३५ टक्के गोलांचा मानकरी तोच, असे धरा. त्याने गोल करण्याची शक्यता ४४.८ टक्के. विजय, अडीचच्या वर आणि त्याचा गोल या तिघांचा गुणाकार मार्जिन न लावता ८.१८ भाव सांगतो. तक्त्यावरून तिन्ही एकदम लागण्याची शक्यता २३.१ टक्के निघते, म्हणजे खरा भाव ४.३३. तीन लेग लावले असे वाटते, पण तिन्ही बऱ्याच अंशी एकच गोष्ट सांगतात: यजमानांनी भरपूर गोल केले.

त्यामुळे गुणाकाराशी तुलना करून मार्जिन कळत नाही. ते तपासायचे असेल तर त्याच सामन्यात दोन लेगच्या चारही जोड्यांचे भाव एकाच वेळी बघा: विजय आणि वर, विजय आणि खाली, ‘बरोबरी किंवा पाहुणे’ आणि वर, ‘बरोबरी किंवा पाहुणे’ आणि खाली. या चारपैकी एक नक्की घडणारच. प्रत्येक भावाने १ ला भागून चारही उत्तरांची बेरीज करा. समजा २.७५, ४.७०, ४.३० आणि ३.२० दिसले, तर बेरीज १.१२ येते. बरोबर १ आली असती तर मार्जिन शून्य. १.१२ म्हणजे कंपनी लावलेल्या पैशातले सरासरी ११ टक्के ठेवते. या तपासणीला मॉडेल लागत नाही, कागद पुरतो. फक्त भाव हलायच्या आत चारही टिपून घ्या.

खेळाडूंचे लेग आले की ही युक्ती अडते, कारण ‘अमुक खेळाडू गोल करणार नाही’ हा पर्याय बहुधा विकायलाच नसतो. उलट बाजू दिसत नाही तिथे कंपनीने किती ठेवून घेतले ते बाहेरून मोजता येत नाही. माझ्या मते बेट बिल्डरचा सगळ्यात महाग भाग हाच: गोल करणारा, शॉट, फाउल, कार्ड. हे लेग चार-पाच जोडले की पाटीवर मोठा आकडा दिसतो, पण प्रत्येक लेगसोबत मार्जिनही वाढत जाते.

आणखी एक फरक पैसे लावायच्या आधी नियमांत वाचून घ्या. साध्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये एक लेग रद्द झाला तर त्याचा भाव १ धरतात आणि बाकीचे गुणतात. बेट बिल्डरचा भाव एकसंध असल्याने त्यातून एक लेग भागाकाराने वेगळा काढता येत नाही. म्हणून तुमचा स्ट्रायकर मैदानात उतरलाच नाही तर काही कंपन्या पूर्ण पैज रद्द करून पैसे परत देतात, तर काही उरलेल्या लेगचा भाव नव्याने काढतात. वरच्या उदाहरणात स्ट्रायकर वगळून उरलेली जोडी २.७५ च्या आसपासच येईल. सुटा लेग १ धरून जो भाव येईल असे तुम्ही समजाल, तो ३.३१ असेल.