बारा व्हिडिओ, चार लेखक आणि एक काकू

प्रश्न: आमच्याकडे चार-पाच जण मिळून एका ब्रँडचे छोटे प्रमोशनल व्हिडिओ लिहितात. सगळ्यांत ब्रँडचा आवाज एकसारखा कसा ठेवायचा? गाइडलाइन डॉक्युमेंट पुरेसं आहे का?

नाही, पुरेसं नाही. म्हणजे डॉक्युमेंट हवंच, पण आमच्याकडे अठरा पानांचं होतं आणि तरी वाट लागली.

नाव घेत नाही, पण भाजणी, मेतकूट, चटण्या, लोणची बनवणारा सांगलीकडचा क्लायंट होता. गणपती ते दिवाळी बारा व्हिडिओ, प्रत्येकी तीस सेकंद. चौघांना तीन-तीन वाटून दिले, त्यातली एक मी. अठरा पानांत काय होतं, तर ब्रँड 'आपुलकीचा', 'अस्सल' आणि 'आजच्या पिढीशी नातं सांगणारा' आहे. आता मला सांगा, कुठला मसालेवाला म्हणेल की आमचा ब्रँड तुसडा आहे? असल्या विशेषणांवरून लिहायला बसलं की प्रत्येक जण आपापल्या घरातली आपुलकी काढतो, आणि चार घरांतली आपुलकी चार तऱ्हेची असते.

पहिला ड्राफ्ट आला तेव्हा नुसत्या भाजणीच्या स्क्रिप्ट्समध्ये हे होतं. एकाने लिहिलं, 'अगं, पाहुणे आलेत? टेन्शन नको घेऊस!' दुसरीने, 'आपल्या लाडक्या कुटुंबासाठी परंपरेचा अस्सल स्वाद.' नागपूरच्या पोराने, 'दोन वाट्या भाजणीत एक चमचा तिखट टाका.' आणि चौथीने (ती मीच, कबूल करते) 'चटपटीत चवीचा धमाका!' तू, आपण, तुम्ही, आणि माझ्यात तर समोर कोणी माणूसच नाही, नुसता धमाका. क्लायंटच्या आईने, जिने हा धंदा घरच्या चुलीवर सुरू केला होता, फोनवर ऐकून सांगितलं, 'ह्या चार बायका एकमेकींना ओळखत पण नाहीत.' माझ्या अख्ख्या करिअरमध्ये यापेक्षा नेमका फीडबॅक मला मिळालेला नाही.

मग मी अठरा पानं बाजूला ठेवली आणि एक पान केलं. त्यात विशेषण एकही नाही, एक बाई आहे. सांगलीची, पंचावन्नची, शेजारच्या घरातली काकू. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते, 'आपण' नाही, 'अगं' फक्त सुनेला. स्वयंपाक करता करता बोलते, म्हणून वाक्यं तोडकी. जिन्नस 'घालते', टाकत नाही. यावर नागपूरचा पोरगा भडकला, आमच्याकडे सगळे टाकाच म्हणतात, ते काय चुकीचं आहे का म्हणे. अजिबात नाही रे बाबा. काकू नागपूरची असती तर टाकाच लिहिलं असतं, पण एकच बाई सोमवारी घालते आणि गुरुवारी टाकते असं होत नाही ना.

त्या पानाचा मोठा भाग मात्र ती काय म्हणणार नाही याचा होता. 'स्वाद' म्हणणार नाही, चव म्हणेल. 'परंपरा' शब्द तिच्या तोंडात येणार नाही, कारण जी रोज करते तिला ती परंपरा वाटतच नाही. शेजारणीच्या भाजणीला नावं ठेवणार नाही. ही 'नाही'ची यादी कामाची का, तर 'काय म्हणते' ते लिहिलं की लेखक ते शब्द चिकटवत सुटतात. मी उगीच 'कधीकधी बरं का म्हणते' असं लिहिलं होतं, पुढच्या फेरीत बाराच्या बारा स्क्रिप्टमध्ये बरं का! नकलाकार वाटायला लागली. शेवटी नियम केला, पूर्ण मालिकेत तीनदाच.

आता एक गोष्ट जी कोणी गाइडलाइनमध्ये लिहित नाही. लांबी. तीस सेकंदातले शेवटचे पाच-सहा पॅकेट आणि नावाला जातात, थोडी जागा तव्याच्या चर्र आवाजाला ठेवायची, म्हणजे बोलायला वीस-बावीस सेकंद उरतात. काकूच्या निवांत चालीने त्यात पंचेचाळीस-पन्नास शब्द बसतात. आमच्यातल्या दोघांनी सत्तर-पंच्याहत्तर शब्द लिहिले होते. शब्द सगळे काकूचेच, पण व्हॉइसओव्हरवाल्या ताईंना ते कोंबून बोलावं लागलं आणि काकूची झाली बातम्या देणारी. कागदावर हे दिसतच नाही. म्हणून फोनवर कच्चं रेकॉर्डिंग करा, बाराही स्क्रिप्ट एकाच माणसाच्या आवाजात, आणि सलग ऐका. तुकड्यातुकड्याने ऐकलंत तर प्रत्येक चांगलाच वाटतो. आणि लेखकांची नावं काढून ऐका. कुठला कोणाचा हे टीममधल्यांना ओळखता आलं तर अजून काम बाकी आहे. आम्हाला पहिल्या वेळी बारापैकी नऊ ओळखता आले होते.

भाजणीचं शेवटी असं झालं: 'पाहुणे दारात आणि घरात काही नाही? भाजणी आहे ना. तुम्ही कांदा चिरायला घ्या, तोवर मी तवा ठेवते.' त्या 'मी तवा ठेवते'ने सगळं सुटलं. विकणारी बाई मदतीला आली. पुढे कोणी अडलं की आम्ही हेच वाक्य वाचून दाखवायचो. आणि ते लिहिलं कोणी? टाकावाल्या नागपूरकराने.

आता मूळ दुखणं. शेवटचा हात एकाचाच पाहिजे. आमच्या तेव्हाच्या बॉसचं म्हणणं, सगळ्यांनी सगळ्यांचं वाचा, शेअर्ड डॉकमध्ये कमेंट टाका, आपोआप एकसारखं होईल. होतं ना, एकसारखं बेचव होतं! एका लोणच्याच्या स्क्रिप्टवर एक्केचाळीस कमेंट आल्या, प्रत्येकाने आपल्याला खुपणारा शब्द काढला आणि जे उरलं ते कुठल्याही लोणच्याला चाललं असतं. मी म्हणाले लिहा चौघं, पण शेवटची फेरी एकाची, क्लायंटचे बदलसुद्धा त्याच्याच हातून. तर म्हणे, 'मग बाकीच्यांना पगार कशाला देतो?' अहो, लग्नात भाज्या दहा जणी चिरतात, मीठ एकीनेच घालायचं असतं.

त्यांनी ऐकलं नाही. दिवाळीच्या तीन व्हिडिओंत क्लायंटच्या मार्केटिंगवाल्याने रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर थेट एडिटरला 'खुशियों वाली दिवाळी' असं काहीतरी पाठवलं, ते सुपरमध्ये तसंच गेलं. आवाजात काकू आणि पडद्यावरच्या अक्षरांत भलताच कोणीतरी. त्यामुळे सुपर, कॅप्शन, थंबनेलवरची ओळ, हे सगळं त्याच एका हाताखालून जाऊ द्या, नुसती स्क्रिप्ट नाही.

हां, सगळीकडे असली काकू लागत नाही. मालक स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलत असेल तर तो जसा बोलतो तसंच लिहा, त्याला काकू बनवू नका. आणि एकसारखं म्हणजे एकाच मूडचं नव्हे. आमची काकू गौरीच्या व्हिडिओत हळवी होती, फराळाच्या व्हिडिओत वैतागलेली, पण दोन्हीकडे 'तुम्ही' म्हणत होती. अमूलची मुलगी बघा, 1966 पासून आहे, राजकारणावर बोलते, क्रिकेटवर बोलते, कोणी गेलं तर दुःखही करते, तरी होर्डिंगवर लांबूनच कळतं ही तीच. आणि तुम्ही फक्त दोघं लिहिणारे असाल तर एवढा खटाटोप नको, समोरासमोर बसून मोठ्याने वाचा, भागतं.

ते बॉस आता दुसरीकडे आहेत. मध्यंतरी त्यांची पोस्ट वाचली, प्रत्येक मालिकेला एक 'व्हॉइस कीपर' असावा म्हणून. खाली मी नुसतं 'बरं का' लिहून आले.