दर हजारी काढताना छेदाकडे आधी बघा

समजा, एका गटात १८,००० माणसं आणि वर्षभरात ४५ रुग्ण. दुसऱ्यात ८०० माणसं आणि ४ रुग्ण. नुसते आकडे पाहिले तर पहिला गट वाईट वाटतो. रुग्णसंख्येला गटातल्या माणसांनी भागा आणि १००० ने गुणा: पहिल्यात हजारी २.५, दुसऱ्यात हजारी ५. म्हणजे चित्र उलटं झालं. अर्थात दोन्हीकडे कालावधी एकच हवा, आणि छेदात तीच माणसं हवीत ज्यांना तो आजार होऊ शकतो.

पण लगेच निष्कर्ष काढू नका. लहान गटात एक रुग्ण वाढला तर दर ६.२५ होतो, एक घटला तर ३.७५. मोठ्या गटात एका रुग्णाने जेमतेम ०.०६ चा फरक पडतो. म्हणून दराशेजारी मूळ संख्या नेहमी लिहा, आणि रुग्ण इतके कमी असतील तर दोन-तीन वर्षांची बेरीज करून सरासरी वार्षिक दर काढा.

दोन्ही गटांचा एकत्रित दर हवा असेल तर २.५ आणि ५ ची सरासरी ३.७५ धरू नका. ही चूक फार होते. ४९ भागिले १८,८०० करा, उत्तर हजारी सुमारे २.६ येतं.