स्क्रीनशॉटवरून यादी करा, पण आधी तो स्क्रीनशॉट पुरता आहे का ते बघा

प्रश्न: «बहिणीने हॉल तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवलाय. रविवारी सकाळची पाळी, सेंटर दुसऱ्या शहरात, आदल्या रात्री तिथे मुक्काम. किती वाजता पोहोचायचं, काय काय न्यायचं आणि कसं जायचं याची एक यादी करून द्यायची आहे. तिला टेन्शन आलंय, मी शांतपणे करीन म्हटलं. कुठून सुरुवात करू?»

तुमची पोस्ट वाचली आणि पुतण्याची परीक्षा आठवली. आमच्याही हातात असाच एक स्क्रीनशॉट होता. नाव, फोटो, रोल नंबर, वेळ, केंद्राचा पत्ता, सगळं एका पडद्यावर नीट बसलेलं. पण कामाची सूचना तिसऱ्या पानावर होती, ती त्यात नव्हतीच.

म्हणून यादीला हात लावण्याआधी बहिणीकडून मूळ पीडीएफ मागवा आणि ती किती पानांची आहे ते बघा. स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या पानाचा वरचा भाग येतो. गेट बंद होण्याची वेळ, चिकटवायचा फोटो, स्वयंघोषणापत्र आणि बारीक टायपातल्या सूचना बहुतेक वेळा खाली किंवा पुढच्या पानांवर असतात. नीट यूजीचंच बघा. तिथे पोस्टकार्ड आकाराच्या, म्हणजे ४ बाय ६ इंची, फोटोसाठी वेगळं पान असतं. पेपर दुपारी २ ला सुरू होतो पण गेट दीडलाच बंद होतं. नुसत्या पहिल्या पानाच्या चित्रावरून यादी केली तर तो फोटो यादीत येणारच नाही. आणखी एक, काही परीक्षांना आधी फक्त शहर कळवणारी चिठ्ठी येते आणि हॉल तिकीट नंतर निघतं. त्या चिठ्ठीचाच स्क्रीनशॉट हॉल तिकीट म्हणून फिरवणारी मंडळी मी पाहिली आहेत. चिठ्ठीवर केंद्राचं नाव नसतं, त्यावरून ओळखा.

आता आमचं काय झालं ते सांगतो, कारण तुमचंही सेंटर परगावी आहे. हॉल तिकिटावर एका संस्थेचं नाव आणि पत्ता होता. त्या संस्थेच्या इमारती दोन, शहराच्या दोन टोकांना. छापलेला पत्ता मुख्य कार्यालयाचा होता आणि परीक्षा दुसऱ्या आवारात होती. आम्हाला आधीच शंका आली होती, कारण नकाशात त्या नावाने दोन ठिकाणं दिसत होती. म्हणून आदल्या दिवशी परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे पत्ता वाचून दाखवला, «हॉल तिकिटावर आहे तेच केंद्र» म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर «आपण रांगेत आहात» यापुढे गाडी सरकेना. सकाळी छापलेल्या पत्त्यावर पोहोचलो तर पहारेकरी म्हणतो, इथे आज काहीच नाही. रिक्षाने दुसऱ्या टोकाला गेलो तोवर गेट बंद. गेटच्या आतले लोक दिसत होते, पण आमच्याकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं. पोराचं वर्ष गेलं.

खरा संताप नंतरचा आहे. तक्रारीला उत्तर आलं की उमेदवाराने आदल्या दिवशी केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करावी, अशी सूचना दिलेली होती. दिलेली होती, हे खरंच. तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत. म्हणजे पत्ता चुकीचा छापायचा, फोनवर तोच वाचून दाखवायचा आणि खापर फोडायचं पोरावर! असो.

त्यातून माझं एक ठाम मत झालंय. मदत क्रमांकाला «पत्ता बरोबर आहे का?» असं विचारूच नका. समोरचा माणूस तुम्ही वाचलेलंच परत वाचतो. विचारायचं असं: «केंद्र क्रमांक अमुक, ही परीक्षा कुठल्या इमारतीत आहे आणि उमेदवारांना कुठल्या गेटने आत घेणार?» याचं उत्तर पडद्यावरून वाचता येत नाही, त्याला कुणाला तरी विचारावं लागतं. शक्य असेल तर परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाऐवजी केंद्र असलेल्या शाळेत किंवा कॉलेजात फोन करा. आणि तुम्ही आदल्या दिवशी तिथे पोहोचणारच आहात, तर संध्याकाळी जाऊन पहारेकऱ्याला विचारून या. «उद्या इथे परीक्षा आहे का?» एवढ्यावर थांबू नका, एकाच आवारात दोन वेगळ्या परीक्षाही असू शकतात. परीक्षेचं नाव आणि केंद्र क्रमांक दोन्ही सांगा.

यादी करताना वेळेचा भाग आधी घ्या. हॉल तिकिटावर बहुधा तीन वेळा असतात: रिपोर्टिंगची, गेट बंद होण्याची आणि पेपर सुरू होण्याची. घरात सगळे तिसरीच लक्षात ठेवतात, आणि तीच सगळ्यात बिनकामाची. तुमच्या तिकिटावर काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून उदाहरणादाखल रिपोर्टिंग ७:३०, गेट बंद ८:३० आणि पेपर ९:०० धरतो. उलटं मोजत या. ७:३० ला गेटपाशी उभं राहायचं. गाडी सोडते तिथून गेटपर्यंत चालणं आणि गेट शोधणं यासाठी १५ मिनिटं, म्हणजे गाडीतून ७:१५ ला उतरायचं. नकाशा प्रवासाची ४५ मिनिटं दाखवत असेल तर ६:३० ला गाडीत बसलेलं हवं. गाडी मिळायला २० मिनिटं धरली तर मुक्कामावरून ६:१० ला निघायचं. नकाशात आत्ताची वेळ बघू नका. पोहोचण्याची वेळ निवडायची सोय असते, तिथे रविवार आणि ७:१५ घालून बघा. रविवारी भल्या पहाटे रस्ता मोकळा असतो, पण बस आणि लोकलच्या फेऱ्याही कमी असतात. पहिली बस किती वाजता आहे ते वेगळं विचारावं लागतं.

याच हिशेबातून आणखी एक वेळ काढा, जी कुणीच लिहीत नाही: त्यानंतर निघून उपयोग नाही अशी वेळ. ८:३० मधून १५ आणि ४५ वजा केले की ७:३० येतात, तेही गाडी दारात उभी असेल तर. म्हणजे ६:१० पासून साधारण सव्वा तास हाताशी आहे. त्यात ठरवून ठेवा की ६:३० पर्यंत ठरवलेली गाडी आली नाही तर वाट बघत बसायचं नाही, दुसरा पर्याय धरायचा. तो पर्याय आदल्या रात्रीच कागदावर लिहिलेला हवा. सकाळी साडेसहाला रस्त्यात उभं राहून कुणाचंही डोकं चालत नाही.

सामानाचं मी फार लांबवत नाही, ते सूचनांमध्येच असतं. फक्त सूचना वाचताना प्रत्येक वस्तू तीनपैकी एका ढिगात टाका. जिच्याशिवाय आत सोडणार नाहीत ती, नेली तर चालते ती आणि नेलीच तर अडवतील ती. पहिला ढीग लहान असतो: छापलेलं हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, सांगितलेले फोटो, घोषणापत्र. प्रिंट मात्र पीडीएफवरूनच काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला स्क्रीनशॉट छापला की फोटो धुरकट येतो आणि बारकोड किंवा क्यूआर वाचला जाईल याची खात्री राहत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि हॉल तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आणि ते आजच बघा, शनिवारी रात्री नव्हे. पेनचा रंग, पाण्याची बाटली, घड्याळ याबाबत परीक्षेपरीक्षेला वेगळे नियम आहेत. माझं ऐकू नका, तिकिटावरचं वाचा.

सहीचं मात्र सांगतो. सहीच्या चौकटी दोन प्रकारच्या असतात, काही घरी भरायच्या आणि काही पर्यवेक्षकासमोर. उत्साहात सगळ्याच भरून टाकल्या की पंचाईत होते. ज्या चौकटीखाली पर्यवेक्षकासमोर असं लिहिलंय, तिथे पेन्सिलीने छोटी फुली करून ठेवायला बहिणीला सांगा. अंगठ्याच्या ठशाचंही तसंच, तो कुठे आणि कधी उमटवायचा ते आधी वाचा.

चित्रातला मजकूर उचलणारी फोनमधली सोय वापरणार असाल तर जरूर वापरा, टायपिंग वाचतं. पण आकडे डोळ्यांनी पुन्हा ताडून बघा. स्क्रीनशॉट दाबून लहान झालेला असेल तर ८ चा ३ होतो, शून्याचा ओ होतो. रोल नंबर, केंद्र क्रमांक, पिनकोड आणि वेळा, एवढं तरी पीडीएफशी पडताळा. आणि शुक्रवारी एकदा संकेतस्थळावर जाऊन हॉल तिकीट पुन्हा उतरवून घ्या. केंद्र बदलून सुधारित तिकीट निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि जुना स्क्रीनशॉट काही आपोआप बदलत नाही.

शेवटी ही सगळी यादी कागदावर उतरवा. फोन आत नेता येत नाही आणि तो ठेवायची सोय केंद्रावर असेलच असं नाही. यादी फोनमध्ये आणि फोन तुमच्याकडे बाहेर, मग तिला काय उपयोग? वरच्या उदाहरणाची चिठ्ठी मी अशी करीन:

रविवार. केंद्र क्रमांक, इमारत, गेट (शनिवारी पाहून आलो: हो / नाही)
६:१० निघणे, ६:३० ला गाडी नसेल तर दुसरा पर्याय: ____
७:३० गेटवर. ८:३० गेट बंद.
हातात: हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, फोटो, घोषणापत्र
फुली केलेल्या चौकटीत सही आतच करणे
पेपर सुटल्यावर भेटायची जागा: ____
दादाचा नंबर: ____

भेटायची जागा ठरवताना «गेटपाशी» असं लिहू नका. पेपर सुटला की गेटपाशी एवढी गर्दी होते की माणूस सापडत नाही, आणि तिच्याकडे फोन नसणार. थोडं लांबचं, सहज ओळखू येईल असं ठिकाण शनिवारी तिथे गेलात की दोघांनी मिळून बघून ठेवा. तिच्याकडे थोडे रोख पैसेही द्या, फोन जवळ नसल्याने तिला फोनवरून पैसे भरता येणार नाहीत. मात्र पाकीट आत चालतं का ते आधी सूचनांत बघा, नाहीतर सुटे खिशात. परतीचं तिकीट काढताना पेपर संपायच्या वेळेपुढे निदान दोन तास सोडा. वेळ संपली तरी उत्तरपत्रिका किंवा हजेरी जमा होईपर्यंत बरेचदा लगेच बाहेर सोडत नाहीत. आणि मधेच गाडीची वेळ आठवून तिने घाईने पेपर उरकलेला तुम्हालाही नको असेल.