भिजत घातलं म्हणजे घासलं नव्हं

प्रश्न : रूम पार्टनर कधीच भांडी घासत नाही. गोड बोलून झालं, भांडूनही झालं. काय करू?

भावा, तो ‘भिजत घातल्यात, सकाळी घासतो’ असं म्हणतो का? म्हणत असेल तर मी त्याला ओळखतो. राजारामपुरीत माझ्याच रूमवर होता.

रविवारी आम्ही मटण करायचो. म्हणजे मी करायचो, साहेब कांदा चिरायच्या टायमाला नेमके कोथिंबीर आणायला जायचे. घासायची पाळी त्यांची. जेवण झालं की तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात नळाचं गार पाणी ओतून आडवे. आता भाकरीच्या पिठाची परात भिजवणं मला पटतं. वाळलेलं पीठ पंधरा-वीस मिनिटांत फुगून हातानं सुटतं. पण कट म्हणजे तेल आणि मटणाची चरबी. ती रात्रभर ठेवली तरी पाण्यात विरघळत नाही, गारव्यानं उलट गोठते. थंडीत सकाळी पातेल्याला मेणासारखा थर धरलेला असायचा आणि घासणी त्यावरून नुसती घसरायची.

बरं, ते पाणी तो तसंच मोरीत ओतायचा. चरबी पातेल्यात गोठते तशी पाइपातही गोठते. शेवटी मोरी तुंबली. प्लंबरनं जाळीखालून जे काढलं त्याचं वर्णन इथं करत नाही, तू जेवायचा असशील. आणि घरमालकांनी निकाल काय दिला? खर्च निम्मा-निम्मा! मला तो आजही मान्य नाही. पाळी कुणाची होती एवढं तरी विचारायचं की.

कटाचं भांडं कोमट असतानाच जुन्या पेपरनं पुसायचं आणि पेपर कचऱ्यात टाकायचा. मग तांब्याभर कडक पाणी, थोडा साबण, पाच मिनिटं थांबायचं. पुढं घासायला काही उरतच नाही. हे त्याला कितीदा सांगितलं, पण नाही.

तुझ्या पार्टनरचं म्हणशील तर बोलणं बंद कर आणि भांडी कमी कर. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. बाकी सगळं पोत्यात भरून माळ्यावर. सिंकभर भांडी साठतात कारण घरात सिंकभर भांडी आहेत. स्वच्छ ताट संपलं की तो आधी झाकणात जेवेल, मग तव्यात. जेवू दे. त्याच्या ताटाला हात लावायचा नाही. उष्टी भांडी त्याच्या गादीवर ठेवायचा सल्लाही मिळेल तुला, पण मुंग्या गादी बघून येत नाहीत.

हां, एक राहिलं. तो स्वयंपाक करत असेल तर हे सगळं विसर आणि गप घास. रांधणाऱ्यानं घासायचं नसतं. फक्त मॅगी करत असेल तर तो स्वयंपाक धरू नको.