तिचे अर्ज तिलाच भरू द्या

प्रश्न: मुलगी गेल्या वर्षी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाली, ६८ टक्के. अर्ज करायला टाळाटाळ करते, म्हणून मीच तिच्या लॉगिनने एका मोठ्या नोकरीच्या साइटवर रोज रात्री अर्ज भरतो. २४० झाले. दोन फोन आले, पण कोणत्या जागेसाठी बोलावलंय हेही तिला सांगता आलं नाही. आता कोणी म्हणालं की संशोधन, आरोग्य, एनजीओ यांच्या वेगळ्या साइट असतात. पाहिल्या, तर सगळ्या सहा महिने-वर्षाच्या तात्पुरत्या जागा. तिथे तिचं नाव नोंदवू, की साठ हजार भरून मेडिकल कोडिंगचा क्लास लावू?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर:

फोनवर तिला काहीच सांगता आलं नाही, कारण तो अर्ज तिने केलेलाच नव्हता. समोरच्या माणसाने जागेचं नाव घेतलं तेव्हा ते तिने पहिल्यांदा ऐकलं असणार. तुम्ही हा तिचा निष्काळजीपणा समजलात. मला मात्र त्या क्षणी तिची काय अवस्था झाली असेल, तेच डोळ्यांसमोर येतंय. असे दोन फोन झाल्यावर कोणतीही मुलगी अर्जांपासून लांब पळेल. तुम्ही जिला टाळाटाळ म्हणता, ती निम्मी तरी इथूनच आली असावी, असं मला वाटतं.

तुमची काळजी खोटी नाही. दिवसभर काम करून रात्री मुलीसाठी अर्ज भरत बसणारा बाप मला परका वाटत नाही. तरीही आज रात्री तिला तिचा पासवर्ड परत द्या आणि त्या खात्यात पुन्हा जाऊ नका. विशेष क्षेत्रांच्या साइटवर तर तुमची ही पद्धत मुळीच चालणार नाही. मोठ्या साइटवर एक बटण दाबलं की अर्ज जातो. इथे बऱ्याचदा जाहिरात देणारा आणि निवड करणारा एकच माणूस असतो, म्हणजे ज्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं तो शास्त्रज्ञ. अर्ज आपल्या कामाबद्दल आहे की नाही, हे तो दोन ओळींत ओळखतो.

आता तात्पुरत्या जागांबद्दल, कारण तुमचा सगळा नकार त्या एका शब्दावर उभा आहे. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग किंवा आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद एखाद्या शास्त्रज्ञाला प्रकल्पासाठी पैसे देतात, ते ठरावीक मुदतीचे असतात, बहुतेकदा तीनेक वर्षांचे. त्या पैशातून माणूस घ्यायचा, तर संस्था त्याला प्रकल्पापलीकडचं वचन देऊच शकत नाही. म्हणून जाहिरातीत ‘पूर्णतः तात्पुरती’, ‘कायम होण्याचा हक्क नाही’ ही वाक्यं जवळपास ठरलेलीच असतात. पहिली नेमणूक सहा महिन्यांची किंवा वर्षाची, मग काम पाहून मुदतवाढ. पीएच.डी.ला किंवा पुढच्या जागेवर जाणारी कितीतरी मुलं याच पायरीवरून गेली आहेत. तेव्हा जागा तात्पुरती आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, हे विचारा. मुदत मार्चमध्ये संपणार असेल आणि आज डिसेंबर असेल, तर ती जागा खरोखरच तीन महिन्यांची आहे. दोन वर्षं उरली असतील, तर तोच ‘सहा महिने’ शब्द फारसा भिववणारा नाही. पैशाचंही सांगते. २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७ हजार आणि घरभाडे भत्ता आहे. त्यासाठी नेट किंवा गेट ही परीक्षा पास असावी लागते; ती नसेल तर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून याहून कमी मिळतं, पण घरी बसण्यापेक्षा नक्कीच बरं.

साइट कोणत्या? मी तिला दोनच सांगेन. जीवशास्त्रातल्या संशोधनाच्या जागांसाठी indiabioscience.org वरचा नोकऱ्यांचा विभाग, आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सामाजिक संस्थांसाठी DevNetJobsIndia. आठवड्यातून दोनदा पाहिलं तरी पुरे. शोधताना मात्र ‘मायक्रोबायोलॉजिस्ट’ एवढंच टाकून भागणार नाही. मोठ्या साइटवर त्या शब्दाला औषध आणि अन्न कंपन्यांतल्या गुणवत्ता तपासणीच्या जागा येतात. संशोधन संस्थांत तेच शिक्षण Project Associate-I या नावाखाली मागतात, आयसीएमआरच्या संस्थांत Project Technical Support या नावाखाली. नाव माहीत नसेल, तर समोर असलेली जागाही दिसत नाही.

जाहिरात दिसली की ती साइटवर वाचून थांबायचं नाही. ती साइट म्हणजे फक्त सूचनाफलक. मूळ जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, बहुधा पीडीएफमध्ये असते. तिच्यात जाहिरात क्रमांक, प्रकल्पाचं नाव, पैसे देणारी संस्था, मुदत आणि वयाची अट पाहायची. खरी-खोटी ओळखायची खूणही हीच. नुसता जीमेलचा पत्ता दिसला म्हणून घाबरू नका, चांगले शास्त्रज्ञही तो वापरतात. पण संस्थेच्या संकेतस्थळावर ती जाहिरातच नसेल, किंवा मुलाखतीआधी कोणी ‘अनामत’ मागत असेल, तर तिथेच थांबायचं. सामाजिक संस्था असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर तिची नोंद पाहावी. ती नोंद म्हणजे चांगल्या कामाचं प्रमाणपत्र नव्हे, पण संस्था कागदावर तरी आहे हे कळतं.

समजा जाहिरातीत लिहिलंय: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आवश्यक, आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काम केलेलं असल्यास प्राधान्य. पहिली अट अर्ज करणारे बहुतेक सगळेच पूर्ण करतात. निवड दुसऱ्या ओळीवर होते. अशा ठिकाणी मुलं बायोडेटात ‘एम.एस्सी. प्रोजेक्ट पूर्ण केला’ एवढं लिहून मोकळी होतात. त्याऐवजी, केलं असेल तर, असं लिहावं: ‘ओढ्याच्या पाण्यातून ४० जिवाणू वेगळे केले, ग्रॅम स्टेनिंग आणि जैवरासायनिक चाचण्यांनी ओळखले, डिस्क डिफ्युजन पद्धतीने सहा प्रतिजैविकांवर तपासले.’ तीन-चार ओळींत तिचे हात कशावर बसले आहेत हे दिसतं. सोबतच्या ईमेलमध्ये त्या शास्त्रज्ञाच्या एखाद्या अलीकडच्या शोधनिबंधाशी तिच्या कामाचा कुठे संबंध लागतो, हे दोन वाक्यांत सांगावं. यासाठी तो निबंध वाचावा लागतो. एका अर्जाला एक संध्याकाळ जाते, आणि महिन्याला असे चार-पाच अर्जच होतात. तिच्या प्रोजेक्टमध्ये काय झालं, हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून या ओळी तुम्ही लिहूच शकत नाही.

यातल्या मर्यादाही ऐका. एका जागेला अर्ज खूप येतात, आणि काही ठिकाणी आतला उमेदवार आधीच मनात असतो. थेट मुलाखतीला बोलावलं असेल तर मूळ प्रमाणपत्रं घेऊन पहाटेची एसटी पकडावी लागते आणि नकार घेऊन परतावंही लागतं. साताऱ्याहून पुणं जवळ आहे, एवढीच सोय. पाच-सहा महिने चांगले अर्ज करूनही मुलाखतीलाच बोलावणं येत नसेल, तर बायोडेटा तिच्या कॉलेजच्या गाइडला दाखवावा. दोष तिथे सापडतो. सीएसआयआर नेटची तयारी सोबत चालू ठेवावी.

मेडिकल कोडिंग हे प्रामाणिक काम आहे. पण ते रुग्णांच्या नोंदींना बिलासाठी संकेतांक देण्याचं काम आहे, मायक्रोबायोलॉजीचं नाही. तिला स्वतःला ते आवडत असेल तरच. तिने तसं म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. ते साठ हजार सध्या बाजूला ठेवा. पुण्यात जागा मिळालीच, तर पहिला पगार हातात येण्याआधी खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे लागतात, आणि प्रकल्पाचे पहिले पगार बऱ्याचदा उशिरा होतात.